यंत्र गेलं, भाडं चालूच

ऐरोलीच्या आमच्या स्वयंपाकघरात सिंकच्या वर टाइलला चार भोकं आहेत. दोन वर्षं तिथे पाणी शुद्ध करायचं भाड्याचं यंत्र टांगलेलं होतं. 12 जुलै 2025 ला, शनिवारी सकाळी, कंपनीचा मुलगा आला, यंत्र उतरवलं, माझ्याकडून मोबाइलवर बोटाने सही घेतली आणि यंत्र पिशवीत घालून घेऊन गेला. संध्याकाळी ईमेल आला की तुमचं सबस्क्रिप्शन रद्द झालं आहे, आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार. मला वाटलं, विषय संपला.

5 ऑगस्टला खात्यातून 549 रुपये गेले.

महिन्याचं भाडं तेवढंच होतं आणि ते दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप कापलं जायचं. कंपनीला फोन केला. समोरची मुलगी गोड बोलली. म्हणाली, ऑगस्टचं बिल आधीच पुढे गेलं होतं, सात दिवसांत परत येईल, आणि आम्ही मॅन्डेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, तीही रद्द करतोय. 11 ऑगस्टला खरोखरच त्यांचा ईमेल आला. त्यात एक लांबलचक क्रमांक होता आणि हा मॅन्डेट 8 ऑगस्टला रद्द केला आहे असं लिहिलेलं होतं. पैसे काही आले नाहीत, पण तो ईमेल बघून मी निर्धास्त झाले.

पुढे गणपती आले. सप्टेंबरच्या पाच तारखेला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, बँकेचे मेसेज वाचायला कुणाला वेळ असतो? विसर्जनानंतर पाहिलं तर पुन्हा 549. यंत्र जाऊन दोन महिने होत आले होते, आणि भिंतीवरच्या चार भोकांचं भाडं मी भरत होते.

तेव्हा मी एक चूक केली, ती आधी सांगून टाकते, कारण हा सल्ला घरोघरी दिला जातो. माझे दीर म्हणाले, "वहिनी, सोपं आहे. पाच तारखेला खात्यात पैसेच ठेवू नका. काय कापतील?" पटलं मला. पगाराचं खातं असल्याने मिनिमम बॅलन्सची भीती नव्हती. पगार आला तसा नवऱ्याच्या खात्यात टाकला आणि माझ्या खात्यात तीनशे रुपये ठेवले. 5 ऑक्टोबरला रविवार होता. रविवारी बँक बंद, त्यामुळे काही होणार नाही असंही वाटलं होतं. पण या व्यवहारांना रविवार नसतो. 1 ऑगस्ट 2021 पासून आपोआप पैसे कापणारी ही यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालते. सकाळीच मेसेज आला की पुरेशी शिल्लक नसल्यामुळे व्यवहार परत गेला. मी खूश. सोमवारी घरखर्चासाठी पैसे परत खात्यात आणले आणि बँकेने सगळ्यात आधी आपले 590 रुपये उचलले. मागणी न वटल्याचा दंड 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 549 वाचवायला गेले आणि 590 घालवले. वर मॅन्डेट जिथल्या तिथे, पुढच्या महिन्याला पुन्हा तयार. खातं रिकामं ठेवल्याने कंपनीला काहीच होत नाही. बँकेच्या नजरेत चेक न वटणारी तुम्ही ठरता.

त्याच सोमवारी अर्धा दिवस रजा घेतली आणि ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून वाशीला गेले. सेक्टर 17 मध्ये एका रांगेत बँकाच बँका आहेत, त्यातल्या एकीत माझं 2011 पासूनचं खातं आहे. काउंटरवरच्या मुलाला सगळी कहाणी सांगितली. त्याने कंपनीच्या ईमेलमधला क्रमांक टाइप केला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"मॅडम, हा तर ऑगस्टमध्येच कॅन्सल झालाय."

"मग सप्टेंबरचे पैसे कसे गेले?"

"ते कंपनीला विचारावं लागेल. मॅन्डेट त्यांचा आहे, बंदही तेच करणार. आमच्याकडे यावर काही चालू दिसत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या पडद्यावर खरंच काही चालू दिसत नव्हतं. मी मात्र रागाने परत आले, आणि तुर्भे येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते.

त्या रात्री कोजागिरी होती. गच्चीवर सोसायटीचं दूध आटत होतं आणि मी खाली नेटबँकिंग उघडून बसले होते. आमच्या बँकेच्या ॲपमध्ये मेनूच्या खोलात मॅन्डेटची यादी असते. ती मी आयुष्यात कधी उघडली नव्हती. यादीत चार नोंदी होत्या. एकीपुढे `Cancelled` आणि तिघींपुढे `Active`. आणि त्या चारांत यंत्राच्या कंपनीचं नाव कुठेच नव्हतं.

इथे जरा थांबते, कारण सगळा घोळ इथेच होता. आपण ज्या नावाने कंपनीला ओळखतो, त्या नावाने पैसे मागितले जातातच असं नाही. जाहिरातीतलं नाव एक, कंपनीचं नोंदणीतलं नाव दुसरं, आणि कधीकधी मध्ये वसुली करून देणारी तिसरीच कंपनी असते. पासबुकात त्या 549 च्या पुढे `ACH D-` आणि नंतर असलंच एक अनोळखी नाव होतं. ही अक्षरं दिसली की समजायचं, पैसे नॅचवरून गेले आहेत. नॅच ही यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा. कर्जाचे हप्ते, एसआयपी, विम्याचे हप्ते यातूनच कापले जातात. त्यात प्रत्येक मॅन्डेटला स्वतःचा 20 अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळतो, त्याला यूएमआरएन म्हणतात. सुरुवातीला चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे. बँक ओळखते ती फक्त या क्रमांकाला. तुमचं सबस्क्रिप्शन, तुमचं यंत्र, तुमची सही घेऊन गेलेला मुलगा यांच्याशी तिला काही देणंघेणं नाही. त्या क्रमांकावर मागणी आली, रक्कम मर्यादेत आहे, मुदत संपलेली नाही, एवढं जुळलं की ती पैसे देते.

यादीतल्या दोन नोंदींवर तेच अनोळखी नाव होतं. पहिली जून 2023 ची. तिचा क्रमांक कंपनीच्या ईमेलमधल्याशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळत होता आणि ती ऑगस्टमध्ये रद्द झालेली होती. दुसरी मे 2024 ची, आणि ती जिवंत.

मग आठवलं. मे 2024 मध्ये आम्ही मोठ्या टाकीचं यंत्र घेतलं होतं. भाडं 449 चं 549 झालं होतं, आणि तेव्हा एक लिंक पाठवून त्यांनी ऑटो-पे पुन्हा सेट करायला लावलं होतं. मी ऑफिसच्या बसमध्ये डेबिट कार्डाचे आकडे आणि ओटीपी टाकून मोकळी झाले होते. माझ्या डोक्यात ते जुन्या ऑटो-पेचं नूतनीकरण होतं. प्रत्यक्षात तो नवा कोरा मॅन्डेट होता आणि जुना तसाच पडून होता. यंत्र परत गेल्यावर कंपनीत कुणीतरी माझ्या नावापुढचा पहिला क्रमांक उचलला, तो रद्द केला आणि मला कळवलं. भाडं कापलं जात होतं ते दुसऱ्यावरून. त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने मॅन्डेट रद्द, बँकेच्या काउंटरवरही रद्द, आणि माझ्या खात्यातून पैसे चालूच.

दुसरी नोंद उघडून वाचली तर आणखी दोन गोष्टी दिसल्या. रकमेसमोर 549 नव्हते. कमाल रक्कम 5,000 होती. म्हणजे मनात आलं तर पाच हजारांपर्यंत कितीही मागता येणार होते. आणि शेवटची तारीख होती मे 2034. यंत्र दोन वर्षं टिकलं, परवानगी मात्र मी दहा वर्षांची दिली होती. बसमध्ये बसून.

नोंद आपलीच आहे याची खात्री कशी केली तेही सांगते. मॅन्डेटमध्ये संदर्भ क्रमांकाचा एक रकाना असतो. त्यात जो आकडा होता, तोच कंपनीच्या जुन्या बिलावर ग्राहक क्रमांक म्हणून छापलेला होता. मग संशय उरला नाही. नावावर विसंबून कधीही मॅन्डेट बंद करायला जाऊ नये असं मला तेव्हापासून वाटतं. कारण उरलेल्या दोन नोंदींत एक माझी एसआयपी होती आणि तिचंही नाव असंच काहीतरी भलतंच होतं.

ॲपमध्ये रद्द करायचं बटण होतं. दाबलं. "कृपया आपल्या शाखेशी संपर्क साधा." काही बँकांत हे काम तिथल्या तिथे होतं म्हणे, तर आधी ते बटण दाबून पाहावं. माझ्या नशिबात पुन्हा वाशी होतं.

पण काउंटरवरच्या त्या मुलाचं वाक्य डोक्यात होतं, मॅन्डेट कंपनीचा, बंद कंपनीच करणार. त्याला उत्तर माझ्या स्वतःच्याच कपाटात सापडलं. 2019 मध्ये एसआयपी सुरू करताना कागदी मॅन्डेट भरला होता, त्याची झेरॉक्स फाइलमध्ये होती. नॅचचा तो आडवा फॉर्म ज्यांनी भरला असेल त्यांना आठवेल. वर डाव्या कोपऱ्यात नवीन, बदल आणि रद्द अशा तीन चौकटी असतात आणि सगळ्यात खाली, सह्यांच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत एक घोषणा असते. तिचं शेवटचं वाक्य इंग्रजीत आहे, अर्थ असा: हा मॅन्डेट रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा मला अधिकार आहे, आणि तशी विनंती मी त्या कंपनीकडे किंवा जिथून पैसे कापायची परवानगी दिली त्या बँकेकडे करू शकते. "किंवा" या शब्दावर मी पेन्सिलने गोल केला.

आता अर्ज. माझा नवरा 22 वर्षं एका कचेरीत आवक-जावक सांभाळतोय. कागदाच्या बाबतीत मी त्याचं ऐकते, एरवी फारसं नाही. मी पहिला मसुदा लिहिला तो दोन पानी होता. त्यात यंत्र, गोड बोलणारी मुलगी, गणपती, 590 चा दंड, मानसिक त्रास, सगळं होतं, आणि शेवटी सगळे पैसे व्याजासह परत करा अशी मागणी. त्याने वाचला आणि विचारलं, "बँकेने यातलं नेमकं काय करायचं?" मी म्हटलं, मॅन्डेट बंद आणि पैसे परत. तो म्हणाला, "दोन अर्ज कर. पैशांचं म्हटलं की हा कागद तक्रारीच्या टेबलावर जाईल आणि तिथे चौकशी होईपर्यंत पडून राहील. बंद करायला चौकशी लागत नाही, तुझी सही लागते." बरोबर होतं त्याचं. दुसरंही एक कारण होतं, ते मला नंतर कळलं. ते पैसे बँकेने चुकून दिलेले नव्हते. मॅन्डेट जिवंत होता, ओटीपी मी दिला होता. बँकेच्या हिशेबी व्यवहार अधिकृतच होता. परत द्यायचे तर ते कंपनीने.

शेवटी अर्ज असा झाला:

"प्रति, शाखा व्यवस्थापक.

विषय: बचत खाते क्र. (पूर्ण क्रमांक) वरील नॅच मॅन्डेट रद्द करण्याबाबत.

महोदय / महोदया,

माझ्या वरील खात्यावर मे 2024 मध्ये नोंदवलेला, यूएमआरएन (पूर्ण 20 अक्षरी क्रमांक) असलेला मॅन्डेट आजपासून रद्द करावा. या मॅन्डेटची कमाल रक्कम रु. 5,000 असून मुदत मे 2034 पर्यंत आहे. ज्या सेवेसाठी तो दिला होता ती सेवा 12 जुलै 2025 रोजी बंद झाली असून कंपनीचा तसा ईमेल सोबत जोडला आहे.

याच कंपनीचा जून 2023 चा मॅन्डेट, यूएमआरएन (पूर्ण क्रमांक), यापूर्वीच रद्द झालेला आहे. ही विनंती त्याबद्दल नाही. खात्यावरील इतर मॅन्डेट चालू ठेवावेत.

आजच्या तारखेनंतर वर दिलेल्या मे 2024 च्या मॅन्डेटवर आलेली कोणतीही मागणी वटवू नये. मॅन्डेट रद्द झाल्याचे मला लेखी अथवा ईमेलने कळवावे."

खाली सही, तारीख, मोबाइल नंबर. सोबत तीन कागद: ॲपमधल्या त्या नोंदीचा छापील स्क्रीनशॉट, कंपनीचा रद्द झाल्याचा ईमेल आणि सप्टेंबरच्या खातेउताऱ्याचं पान, 549 च्या ओळीखाली रेघ मारून. अर्जाच्या दोन प्रती.

"ही विनंती त्याबद्दल नाही" हे वाक्य कागदावर जरा उद्धट वाटतं. पण ते नसतं तर माझा अर्ज पुन्हा त्याच रद्द झालेल्या क्रमांकावर जाऊन आपटला असता, हे मला माहीत होतं.

9 ऑक्टोबरला, गुरुवारी, पुन्हा वाशी. या वेळी काउंटर टाळून आत बसलेल्या मॅडमकडे गेले. पन्नाशीच्या होत्या, टेबलावर डबा उघडलेला होता आणि त्या तो लपवायचा प्रयत्नही करत नव्हत्या. अर्ज वाचता वाचता म्हणाल्या, "हे कंपनीकडून यायला पाहिजे खरं तर." मी काहीच बोलले नाही. एसआयपीच्या मॅन्डेटची झेरॉक्स पुढे सरकवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ धरला आणि पेन्सिलचा गोल वाचला.

"हं. दोघांपैकी कुणाकडेही. बरोबर आहे." मग हसून म्हणाल्या, "एवढं बारीक कोण वाचतं, ताई?"

"590 भरलेली बाई वाचते," मी म्हटलं.

त्यांनी क्रमांक टाइप केला. पहिल्यांदा "सापडत नाही" आलं. माझ्या पोटात गोळा. मग लक्षात आलं की त्यांनी एका शून्याऐवजी इंग्रजी ओ मारला होता. दुसऱ्या खेपेला नोंद उघडली. `Active`. त्यांनी रक्कम, मुदत, संदर्भ क्रमांक माझ्या कागदाशी ताडून पाहिला, माझी सही पडद्यावरच्या 2011 च्या सहीशी पाहिली, जरा वेळ पाहिली, आणि पुन्हा एकदा त्यांच्यासमोर सही करायला लावली. चौदा वर्षांत माझ्या सहीतलं शेवटचं अक्षर पार वितळून गेलंय, हे मला त्या दिवशी समजलं.

मग त्या म्हणाल्या, "खाली अजून दोन चालू आहेत. तीही काढून टाकू का एकदम? सुटसुटीत."

मी जवळजवळ हो म्हणणार होते. कंटाळलेल्या माणसाला सुटसुटीत हा शब्द फार मोहात पाडतो. पण त्यातला एक माझी सहा वर्षांची एसआयपी होती आणि दुसरा सासऱ्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता. तो हप्ता चुकला असता तर 549 परवडले असं म्हणायची पाळी आली असती. नाही म्हटलं आणि अर्जातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

एक प्रश्न मी विचारायचा ठरवून गेले होते. रद्द झाल्यावरही कंपनीने मागणी पाठवली आणि ती परत गेली, तर त्याचा दंड मला बसेल का? मॅडम थोडा विचार करून म्हणाल्या, शिल्लक नसणं वेगळं आणि मॅन्डेट नसणं वेगळं, बसायला नको. "पण तुम्ही एक ओळ लिहूनच द्या." मग अर्जाच्या खाली हाताने लिहिलं: रद्द केलेल्या मॅन्डेटवरील मागणी परत गेल्यास त्याचे शुल्क माझ्या खात्यास लावू नये. शेजारी पुन्हा सही.

त्यांनी विनंती सिस्टिममध्ये टाकली, माझ्या मोबाइलवर विनंती क्रमांक आला. हे काम शाखेत पूर्ण होत नाही, ते त्यांच्या केंद्रीय कार्यालयात जातं आणि तिथून पुढे एनपीसीआयच्या यंत्रणेत. तीन-चार दिवस धरा म्हणाल्या. म्हणूनच पाच तारखेच्या तोंडावर, चार तारखेला वगैरे, अर्ज घेऊन जाण्यात अर्थ नाही. एव्हाना मागणी रांगेत लागलेली असू शकते. मला मध्ये पंचवीस-सव्वीस दिवस होते.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "विनंती क्रमांक आलाय ना, शिक्क्याची काय गरज?" नवऱ्याने बजावून पाठवलं होतं, शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. शिक्का मिळाला, त्यावर 9 ऑक्टोबर 2025 आणि त्यांची सही. हा हट्ट उगाच नाही. बँकेने ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते आणि उत्तराची 30 दिवस वाट पाहावी लागते. ते दिवस कुठून मोजायचे ते शिक्क्यावरच्या तारखेवरून ठरतं. मी कॅलेंडरवर 8 नोव्हेंबरला गोल केला.

तिथवर जावं लागलं नाही. 14 तारखेला, मंगळवारी दुपारी, बँकेचा मेसेज आला. त्यात पूर्ण यूएमआरएन नव्हता, शेवटचे चारच आकडे होते. ते माझ्या कागदाशी जुळवले, मग ॲप उघडून यादी पाहिली. दोन्ही नोंदींपुढे `Cancelled`. एसआयपी आणि विमा जागच्या जागी.

हे सगळं नॅचचं. यूपीआयवरून ऑटो-पे दिलं असेल तर ज्या ॲपमधून दिलं तिथेच मॅन्डेटच्या यादीत जाऊन, यूपीआय पिन टाकून ते बंद करता येतं. शाखेत जायचं कारण नाही. यूपीआयवर आणि कार्डावर पैसे कापायच्या 24 तास आधी सूचनाही येते, तेवढ्यात माणूस सावध होतो. माझ्या नॅचवर तशी सूचना कधीच आली नव्हती, थेट पैसे गेल्याचाच मेसेज यायचा. म्हणून पहिलं काम, आपलं सबस्क्रिप्शन यातल्या कोणत्या वाटेने पैसे नेतंय ते खातेउताऱ्यात बघणं. माझी एक मैत्रीण कोपरखैरण्याला राहते, तिने माझं ऐकून बँकेत अर्ज दिला आणि बँकेने तिला परत पाठवलं. तिचं यूपीआयचं होतं. दोन मिनिटांचं काम होतं, दोन तास गेले.

पैशांचं राहिलं. दोन महिन्यांचे 1,098 रुपये कंपनीकडे मागितले. त्यांचे ईमेल यायचे, त्यात दर वेळी तीच सात दिवसांची मुदत. शेवटी 18 ऑक्टोबरला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. काय जोडलं? यंत्र नेल्याच्या दिवशीचा ईमेल, दोन्ही महिन्यांच्या उताऱ्याच्या ओळी आणि दोन मॅन्डेटची यादी. त्यानंतर कंपनीतून पहिल्यांदाच असा फोन आला की समोरच्या माणसाला माझं प्रकरण माहीत होतं. दुसरा मॅन्डेट त्यांच्या सिस्टिममध्ये "जुन्या" यंत्राखाली नोंदलेला होता म्हणाला, म्हणून दिसला नाही. खरं-खोटं देव जाणे. 3 नोव्हेंबरला 1,098 खात्यात आले.

दंडाचे 590 मात्र गेले ते गेले. बँकेला वेगळा अर्ज दिला होता. त्यांचं उत्तर आलं की 5 ऑक्टोबरला मॅन्डेट चालू होता आणि शिल्लक नव्हती, त्यामुळे शुल्क नियमानुसार आहे. मला त्यावर भांडायला जागा सापडली नाही. खातं रिकामं मीच केलं होतं. दीर अजून म्हणतात की आयडिया चांगली होती.

5 नोव्हेंबरला गुरुनानक जयंती होती, बँका बंद. पण आता मला माहीत होतं की सुट्टीचा या व्यवहारांशी संबंध नसतो. सकाळी उठल्या उठल्या फोन पाहिला, दुपारी पाहिला, रात्री झोपताना पाहिला. सात तारखेपर्यंत पाहत होते. काही कापलं गेलं नाही, काही परत गेल्याचाही मेसेज नाही.

भोकांत नवऱ्याने दोन खुंट्या बसवल्यात, त्यावर गाळणी आणि किसणी लटकते. शिक्क्याची प्रत फाइलमध्ये आहे, एसआयपीच्या त्या झेरॉक्सच्या मागे, पेन्सिलचा गोल न पुसता.